अडुसष्ट पावलं

सकाळी पावणेसातला मी शाळेच्या मैदानावर पोचतो, तेव्हा वाळूच्या हौदात रात्री फिरून गेलेल्या मांजराच्या पावलांची बारीक ओळ उमटलेली असते. दवाने वरचा थर ओलसर, किंचित घट्ट झालेला असतो. कोपऱ्यातलं फावडं घ्यायचं आणि हौदाच्या एका टोकापासून वाळू उकरत जायचं, हा माझा रोजचा पहिला उद्योग. हौद नऊ मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद. हातभर खोलीपर्यंत वाळू सैल केली, खडे, काटक्या, कुठे एखादी काच असली तर ती वेचली, मग फळीने वरचा भाग ओढून धावपट्टीच्या पातळीला आणला, की घामाने सदरा पाठीला चिकटतो. त्यानंतर मुलं येतात.

हे काम मी शिपाईमामांवर सोडत नाही. वाळू कशी आहे हे माझ्या हाताला कळलं नाही, तर त्या दिवशी मुलांना काय सांगायचं हेही कळत नाही. वाळू कोरडी ठणठणीत असेल तर टाचेची खूण लगेच ढासळते आणि मोजताना भांडण होतं. फार ओली असेल तर ती चिखलासारखी पाय धरून ठेवते. मुठीत दाबल्यावर क्षणभर गोळा राहावा आणि मूठ उघडली की फुटावा, इतकीच ओल हवी. मध्यंतरी नदीची वाळू मिळेना, म्हणून बांधकामाची क्रश सँड हौदात टाकून पाहिली. दगड फोडून केलेली ती वाळू. तिच्या कणांना कडा असतात, ते एकमेकांत अडकून बसतात. दोन दिवसांत हौद रस्त्यासारखा कडक झाला आणि मुलांच्या मांड्या खरचटल्या. सगळी काढून टाकावी लागली. पण त्या आठवड्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यांनी पाहिली. मुलं फळीशी येऊन थबकू लागली. आदल्या आठवड्यात बेधडक येणारी मुलं शेवटच्या चार पावलांत आखडून येत होती. त्यांना फळीची भीती नव्हती. फळीच्या पलीकडे आपलं काय होणार, याची होती.

तेव्हापासून मी लांब उडी शेवटाकडून शिकवतो. धाव, झेप, उड्डाण आणि पडणं हा उडीचा क्रम आहे. शिकवण्याचा क्रम वाळूपासून निघतो आणि धावेशी येऊन थांबतो.

गेल्या वर्षी आठवीत एक मुलगी होती. घर गावाबाहेर, उसाच्या मळ्यात. शाळेला येताना वाटेत पाण्याचा पाट लागायचा आणि दप्तर पाठीवर असताना ती तो एका ढांगेत ओलांडायची. हे मी स्वतः पाहिलं होतं, म्हणूनच तिला मैदानावर बोलावलं. धावायलाही वर्गात सगळ्यांत पुढे. पण पहिल्या दिवशी, "जशी येते तशी मार," म्हणून तिला सोडलं, तेव्हा ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकावरून वाऱ्यासारखी निघाली, फळीच्या पाच-सहा मीटर अलीकडे मान खाली घालून फळी शोधू लागली, बारीक बारीक पावलं टाकत ती सापडवली आणि जवळजवळ उभ्याने वाळूत उतरली. पडताना दोन्ही हात मागे टेकले. टेप लावला. टाचांची खूण ३.४२ मीटरवर होती, हाताची ३.१०वर. नियमाप्रमाणे वाळूत शरीराचा जो भाग फळीला सगळ्यांत जवळ टेकला, तिथपर्यंतच मोजायचं. म्हणजे तिची उडी ३.१० मीटर. तिला मी दोन्ही खुणा दाखवल्या. ती खाली बसली आणि दोन खुणांच्या मधलं अंतर वितीने मोजू लागली. दीड वीत आणि वर थोडं.

"सर, हे तर मी उडी मारली होती ना?"

"मारली होतीस. हाताने परत केलीस."

दुसऱ्या दिवशी तिला धावू दिलं नाही, आणि पुढचे आठ दिवसही नाही. हौदाच्या काठावर उभं राहायचं, दोन्ही पाय जुळवून, आणि जागेवरून वाळूत उडी. मोठ्या मुलांना यात कमीपणा वाटतो. आठवीतल्या मुलांना वाळूत पडायला मिळतं एवढ्यावर ती खूश असतात. मी काठापासून थोड्या अंतरावर वाळूत एक रेघ ओढतो आणि सांगतो, टाचा रेघेपलीकडे टाकायच्या. पंजे नाहीत, टाचा. पंजे आधी टेकले की पाय थांबतो आणि अंग तोंडावर येतं. टाचा आधी टेकल्या की त्या वाळूत रुततात आणि मग खरी गंमत सुरू होते, कारण त्या क्षणी गुडघे मऊ सोडायचे असतात. टाचा रुतल्या, गुडघे वाकले, आणि मागून येणारी कंबर आपल्याच टाचांच्या खड्ड्यावरून पुढे सरकली, की पडणं पूर्ण झालं. हात त्या वेळी मागून पुढे, गुडघ्यांच्या बाजूने खाली ओढायचे. घागर विहिरीतून वर आली की ती काठावर घेताना आपण जशी अंगाकडे ओढतो, तसं सगळं वजन पुढे यायला हवं.

ज्याचे गुडघे ताठ राहतात, त्याची कंबर टाचांच्या मागेच बसते आणि हात मागे जातो. हे ओळखायला मुलाकडे बघावंही लागत नाही. तो उठून गेल्यावर वाळू बघायची. टाचांचे दोन खड्डे आणि त्यांच्या पुढे घसरत गेलेला एक रुंद ओरखडा, म्हणजे बरोबर. खड्डे पुढे आणि बशीसारखा गोल खळगा मागे, म्हणजे गुडघे ताठ. पंज्यांकडची वाळू खोल आणि पुढे दोन तळहात, म्हणजे पाय उशिरा पुढे आले. मुलांना मी ही लिपी वाचायला लावतो. एकाने उडी मारायची आणि दुसऱ्याने ती वाचायची. चार दिवसांत ती मुलं माझ्यापेक्षा बारकाईने वाचू लागतात.

उठून बाहेर पडण्याचीही एक रीत आहे आणि ती याच दिवसांत अंगवळणी पडावी लागते. वाळूतून बाहेर पडताना पहिलं पाऊल हौदाच्या काठावर किंवा बाहेर जिथे टेकेल, ती जागा वाळूतल्या आपल्या सगळ्यांत मागच्या खुणेपेक्षा फळीपासून दूर हवी. नाहीतर उडी बाद. चांगली उडी मारून, आनंदात मागे वळून फळीकडे चालत येणारी मुलं मी पाहिली आहेत. पंचांचं लाल निशाण वर गेलं की त्यांना काय चुकलं तेच कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच सवय: पडलो की पुढून उठायचं, पुढूनच बाहेर.

आठव्या दिवशी जागेवरून तिची उडी १.६५ मीटर भरली आणि हात मागे जाणं थांबलं. आकडा साधाच होता, पण वाळूकडे जाताना तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. ती आता पडण्याचा विचार करत नव्हती, आणि मला तेवढंच हवं होतं.

मग झेप. सगळ्यांत आधी, झेप कोणत्या पायाने घ्यायची? मुलाला विचारलं तर तो उजवा म्हणतो, कारण उजव्या पायाने तो चेंडू मारतो. पण चेंडू मारताना सगळा भार ज्यावर असतो तो डावा. मी विचारत नाही, लंगडी घालायला सांगतो. लहानपणापासून ज्या पायावर मूल लंगडी घालतं, तो बहुधा झेपेचा पाय. कधी कधी हेही फसतं. म्हणून मी तीन पावलांवरून दोन्ही पायांनी उडी घेऊन बघतो आणि मुलाला कोणता सोपा वाटतो ते त्यालाच ठरवू देतो. तिच्या बाबतीत शंका नव्हतीच. पाट ओलांडताना तिचा डावा पाय काठावर असायचा. तो पाय तिने माझ्या आधी, कुणी न सांगता निवडला होता.

झेप शिकवताना मी डोळे मिटून घेतो, म्हणजे अगदी खरोखर मिटतो, आणि ऐकतो. पाऊल जमिनीवर सपाट, झटक्यात पडलं तर एकच भरीव आवाज येतो, परातीवर थाप मारल्यासारखा. टाच आधी रोवली गेली तर दोन आवाज येतात, पहिला टाचेचा, दुसरा पंजाचा, आणि त्या दोघांच्या मध्ये वेग मरतो. पंजावर झेप घेतली तर आवाजच येत नाही, आणि पोटरी व घोटा तेवढा भार पेलू शकत नाहीत. पाऊल जमिनीवर असतं तो वेळ सेकंदाच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यात पायाला जोर लावायचा, अंग उंच करायचं आणि दुसरा गुडघा वर न्यायचा. एवढ्या वेळात विचार होत नाही. जे झालं ते कानाला कळतं, आणि त्यावर मूल पुढची उडी बदलतं. मुलालाही मी स्वतःचा आवाज ऐकायला सांगतो.

मोकळा गुडघा मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत वर यावा आणि तिथेच थांबावा. थांबणं महत्त्वाचं, कारण गुडघा थांबला की त्याचा जोर बाकीच्या अंगाला मिळतो. छाती उंच, नजर समोर. आमच्या हौदाच्या पलीकडे कडुनिंबाचं झाड आहे. मी त्याच्या एका फांदीला जुन्या ओढणीची लाल चिंधी बांधली आहे. झेप घेताना बघायचं ते चिंधीकडे. फळीकडे नाही, वाळूकडे नाही.

यासाठी धाव हवी, पण पाच पावलांचीच. उजवा पाय खुणेवर, पहिलं पाऊल डावं, पाचवं डावं, आणि त्या पाचव्यावर झेप. नव्या मुलांना वीस सेंटीमीटरची फळी मी देत नाही. फक्कीने एक पट्टा आखतो, चांगला हातभर रुंद. त्या पट्ट्यात कुठेही पाऊल पडलं तरी चालेल, आणि उडी मोजायची ती पाऊल पडलं तिथपासून. फळी सापडवायची चिंता मनातून गेली, की पावलांमधली लय मोकळी होते.

आणि ही लय शेवटच्या दोन पावलांत आहे. शेवटून दुसरं पाऊल जरा लांब, शेवटचं जरा आखूड. लांब पावलाने कंबर किंचित खाली येते, आखूड पाऊल लवकर येऊन तिच्याखाली रोवलं जातं, आणि म्हणून अंग वर उठतं. पण मुलाला, "लांब पाऊल टाक," असं सांगितलं की ते ढांग टाकतं, पाय अंगाच्या फार पुढे रोवतं आणि तिथेच ब्रेक लागतो. म्हणून मी काही सांगत नाही. फक्कीने पाच गोल काढतो. सगळे मुलाच्या नेहमीच्या पावलावर, आणि फक्त शेवटचा गोल वीतभर अलीकडे ओढतो. काही जण यासाठी जुने सायकलचे टायर ठेवतात. त्यावर पाय पडला तर घोटा मुरगळतो, म्हणून मला फक्कीचे गोलच बरे वाटतात. मग टाळ्यांचा ठेका: एक, दोन, तीन, चारऽ-पाच! चार लांबतो, पाच त्याच्यावर येऊन आदळतो. लेझीम खेळलेल्या मुलांना हा ठेका पायात घ्यायला अर्धा तासही लागत नाही.

पहिल्या दिवशी तिच्या पाच पावलांवर ३.०५ भरले. ज्या मुलीने सगळं मैदान पळत येऊन ३.१० मारले होते, तिला पाच पावलांत ३.०५ मिळाले. म्हणजे तिच्या त्या सगळ्या धावेचे पहिल्या दिवशी पाचच सेंटीमीटर झाले होते. हे गणित मी तिला सांगितलं नाही. तिनेच केलं, आणि बराच वेळ टेपकडे बघत राहिली.

उड्डाणाबद्दल मुलांना सगळ्यांत जास्त उत्सुकता असते आणि त्यात शिकवण्यासारखं सगळ्यांत कमी असतं. मोबाइलवर ती मोठ्या खेळाडूंना हवेत चालताना बघतात आणि तसंच करायला जातात. हवेत पाय चालवण्याने उडी लांबत नाही. पाऊल जमिनीवरून सुटलं त्या क्षणी शरीराचा गुरुत्वमध्य कोणत्या वाटेने जाणार हे ठरून गेलेलं असतं. भिरकावलेल्या दगडाला हवेत आपली वाट बदलता येत नाही, तशी ती आपल्यालाही बदलता येत नाही.

मग ते पाय का चालवतात? उंबऱ्याला ठेच लागल्यावर काय होतं ते आठवा. पाय अडकतो आणि वरचं अंग पुढे जातं. झेपेच्या वेळी हेच होतं. पाऊल क्षणभर जमिनीवर थांबतं, धड वेगातच असतं, म्हणून हवेत गेल्यावर शरीर पुढच्या बाजूला फिरू लागतं. ते फिरणं फार झालं तर पाय खाली आणि मागे जातात आणि वाळूला लवकर लागतात. गोळा झालेलं शरीर लवकर फिरतं, लांब पसरलेलं सावकाश. म्हणून कोणी हवेत अंग ताणून लटकल्यासारखं राहतो, कोणी पाय चालवून ते फिरणं आवरतो. पण नवशिक्या मुलीजवळ हवेत जेमतेम अर्धा सेकंद असतो. तेवढ्यात चालणं बसत नाही, आणि बसवायला गेलं तर ती झेप विसरते.

म्हणून मी तिला एकच गोष्ट दिली. "पाऊल टाकलंस, तसंच हवेत धर." पुढचा गुडघा वर, मागचा पाय मागे, छाती उंच, जणू एक मोठं पाऊल हवेत थिजलं आहे. सुरुवातीला तर वाळूत दोन्ही पायांवर उतरायचंच नाही. पुढच्या एकाच पायावर उतरायचं आणि तसंच वाळूतून पळत जायचं. असं दहा वेळा केलं की हवेत लगेच गोळा होण्याची घाई जाते. नंतर मागचा पाय हळूच पुढच्याला येऊन मिळतो, दोन्ही पाय समोर लांबतात, आणि वाळू तर ओळखीचीच असते. मध्ये एक सुतळीही धरतो, गुडघ्याच्या उंचीवर, फळीपासून साधारण दीड मीटरवर. धरायची सैल, बोटांत, बांधायची कधीच नाही. पाय लागला तर ती सुटून यायला हवी.

अकरावीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "सर, भौतिकशास्त्रात ४५ अंशांना सगळ्यांत लांब जातं म्हणतात. मग आपण तितकं वर का नाही जायचं?" प्रश्न मला फार आवडला. ४५ अंश म्हणजे जेवढा वेग पुढे, तेवढाच वर. तोफेला ते जमतं, कारण नळी वळवली की तिचा सगळा वेग त्या दिशेला जातो. माणूस पुढे धावत येतो आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात एका पायाने त्याला वर जायचं असतं. इतक्या वेळात तितका वरचा वेग हवा असेल तर आधी धावेचा वेग मारावा लागेल. म्हणून मोठे उडीपटूसुद्धा साधारण २० अंशांनीच हवेत जातात. त्या मुलाने वहीत ते आकडे घालून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशीपासून झेपेआधी थांबणं सोडलं.

सगळ्यांत शेवटी लांब धाव. सप्टेंबर लागला होता, तालुक्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. अकरा पावलं ठरवली. याहून लांब धाव तिला वेग देणार नव्हती, फक्त चुका देणार होती. धाव मोजायची ती फळीकडे येताना नाही, फळीपासून दूर जाताना. फळीकडे पाठ करून उभं राहायचं, धावपट्टीवर उलट्या दिशेने आपल्या नेहमीच्या वेगाने पळायचं. मी बाजूने चालत अकरावं पाऊल कुठे पडतं ते बघतो आणि तिथे चुन्याची चिमूट टाकतो. पाच वेळा पळवलं. चार चिमटी एका सुपात मावतील इतक्या जवळ पडल्या, एक लांब गेली. ती सोडून दिली. चारांच्या मध्ये खूण केली आणि मग तिला तिच्याच पावलांनी मोजायला लावलं, टाचेला अंगठा लावत, फळीपर्यंत. अडुसष्ट पावलं भरली. बुटासकट तिचं पाऊल २४ सेंटीमीटर, म्हणजे १६ मीटर ३२. टेप माझ्याजवळ होता, पण स्पर्धेच्या मैदानावर तो तिच्या हातात नसणार. पावलं तिच्याजवळच असणार.

मग उलट, फळीकडे. पहिल्यांदा पाऊल फळीच्या पुढे गेलं. दुसऱ्यांदा तेवढंच पुढे. तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा चूक सारखी असेल तर ती चांगली बातमी असते. जेवढं पुढे जातं तेवढी सुरुवातीची खूण मागे न्यायची, संपलं. तिची दीड पाऊल मागे नेली. पण चूक एकदा पुढे, एकदा मागे अशी फिरत असेल तर खूण हलवून काही होत नाही. तिथे दोष शेवटच्या पावलांचा दिसतो, पण असतो पहिल्या दोन पावलांचा. कधी डुलत निघणं, कधी दोन पावलं चालत निघणं, कधी झटका. सुरुवातच रोज वेगळी असेल तर शेवट एका जागी यायचा कसा? एका आठवड्याने तिचंही असंच होऊ लागलं. तेव्हा आम्ही वाळू सोडली, फळी सोडली, आणि तीन दिवस फक्त सुरुवातीची दोन पावलं केली. त्यानंतर अडुसष्ट पुन्हा जागेवर बसली. दीड पाऊल मागे नेण्याची गरजही उरली नाही, कारण ते दीड पाऊलही पहिल्या उसळीचंच होतं.

या खुणेबद्दल मी मुलांना एकच गोष्ट सांगतो. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बॉब बीमन हा अमेरिकन उडीपटू पात्रता फेरीत दोनदा फाउल झाला होता. एकच उडी उरली होती. त्याचाच सहकारी आणि प्रतिस्पर्धी राल्फ बोस्टन त्याला सांगायला आला, की फळीच्या आधीच झेप घे, नुकसान झालं तरी चालेल. बीमनने तसं केलं आणि अंतिम फेरीत आला. दुसऱ्या दिवशी, १८ ऑक्टोबरला, त्याने ८.९० मीटर उडी मारली. आधीचा विश्वविक्रम ८.३५ होता. मापनासाठी बसवलेलं यंत्र तिथपर्यंत पोचेना, शेवटी पोलादी टेप आणून मोजलं. मुलांना ८.९० आठवतं. मी त्यांना आदल्या दिवशीची ती तिसरी उडी आठवायला सांगतो. मोकळेपणाने पाऊल टाकता यावं म्हणून त्याने फळी सोडून दिली होती.

स्पर्धेच्या दिवशी आभाळ भरलं होतं आणि समोरून वारा होता. तिने अडुसष्ट पावलं मोजली, उभी राहिली, केसांवरून जाणारा वारा जोखला आणि एक पाऊल पुढे सरकली. समोरच्या वाऱ्यात पावलं आखूड होतात हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. पहिली उडी फाउल, बोटभराने. दुसरी ३.७४. तिसऱ्या उडीला मी बाजूला उभा राहून डोळे मिटले. ठेका ऐकू आला, चारऽ-पाच, आणि पाचव्याचा एकच भरीव आवाज. डोळे उघडले तेव्हा ती पुढून उठून, पुढूनच बाहेर पडत होती. वाळूत टाचांचे दोन खड्डे आणि त्यांच्या पुढे घसरत गेलेला रुंद ओरखडा. हात कुठेच नव्हता. ३.९१. तिचा पाचवा क्रमांक आला. ती पंचांच्या टेपकडे बघत नव्हती. वाळूकडे बघत होती, वाचत होती.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली, पहिल्या पावसाने धावपट्टीचा मुरूम बसला, आणि ती मैदानावर आली. नववीत गेली होती, नवे बूट होते. मी काही सांगायच्या आत तिने फळीपासून पावलं मोजली, अडुसष्ट, आणि तिथून धाव घेतली. पाऊल फळीच्या दोन पावलं अलीकडे पडलं. पुन्हा घेतली. पुन्हा दोन पावलं अलीकडे. ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली.

मी तिला बूट काढून टेपवर उभं केलं, मग बूट मोजले. आता पाऊल बुटासकट साडेपंचवीस सेंटीमीटर होतं. अडुसष्ट पावलं म्हणजे आता १७ मीटर ३४. वर्षभरात तिची ढांग वाढली होती, पण पाऊल तिच्याहून जास्त वाढलं होतं. या वयात पाय आधी वाढतात, उंची मागून येते. ज्या मापावर तिचा सगळा भरवसा होता, ते तिच्याच अंगात बदललं होतं.

"मग आता किती, सर?"

"मला काय माहीत? तुझी तूच मोज."

तिने फळीकडे पाठ केली. पण पळायच्या आधी थांबली, बूट पुन्हा काढले, धावपट्टी सोडून हौदाच्या काठावर गेली आणि दोन्ही पाय जुळवून उभी राहिली. सकाळीच उकरलेली वाळू होती, मुठीत धरली तर गोळा व्हावा आणि सोडली की फुटावा अशी. तिने जागेवरून उडी मारली, पुढून उठली आणि आपल्या टाचांच्या खुणा वाचायला खाली बसली. सहासष्टचा आकडा आम्हाला चार दिवसांनी सापडला.